खर्च कोणाचा, बिल कोणाचं?

मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयाने परदेशातून एक्स-रे मशीन मागवलं आहे, असं समजू. मशीन न्हावा शेवा बंदरात उतरलं. ते कस्टममधून सोडवून मिरजेपर्यंत पोहोचवण्याचं काम रुग्णालयाने मुंबईच्या एका कस्टम ब्रोकरला दिलं. कागदोपत्री आता ‘ब्रोकर’ हा शब्द आला असला, तरी बंदराच्या परिसरात या माणसाला अजून सीएचएच म्हणतात. ठरलेली फी होती पंधरा हजार रुपये. महिन्याभराने बिल आलं, त्यावरचा शेवटचा आकडा होता ५,४६,४०० रुपये.

ट्रस्टच्या चिटणिसांची पहिली प्रतिक्रिया काय होईल, ते सांगायला नको. पण बिल नीट वाचलं तर त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाखाली एक मांडलेल्या दिसतात. वरच्या भागात ब्रोकरचं स्वतःचं येणं आहे: एजन्सी चार्जेस १५,०००, कागदपत्रांचे १,५०० आणि त्याच्या माणसांच्या बंदरावरच्या फेऱ्या व झेरॉक्स मिळून ३,५००. एकूण वीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६००. खालच्या भागात ब्रोकरने रुग्णालयाच्या वतीने भरलेले पैसे आहेत. सीमाशुल्क ४,१०,०००, जहाज कंपनीचं डिलिव्हरी ऑर्डरचं बिल त्यावरच्या करासह ३७,७६०, कंटेनर जिथे ठेवला होता त्या सीएफएसचं बिल करासह ३३,०४० आणि मिरजेपर्यंतचं ट्रकभाडं ४२,०००. ही बेरीज होते ५,२२,८०० रुपये, आणि हिच्यावर ब्रोकरने एक पैसाही जीएसटी लावलेला नाही.

बरोबर केलं का त्याने? बरोबर केलं. पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात, आणि एखादी जरी निसटली तरी खालचा अख्खा भाग वर सरकू शकतो. तसं झालं तर ५,२२,८०० वर १८ टक्क्यांनी ९४,१०४ रुपये जास्तीचा कर बसेल. रुग्णालयाची उपचारसेवा करमुक्त असल्याने भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्याला मिळत नाही. म्हणजे हे चौऱ्याण्णव हजार सरळ ट्रस्टच्या खिशातून जाणार. एखाद्या कारखान्याने हेच मशीन आणलं असतं तर त्याने तो कर पुढे क्रेडिट म्हणून वापरला असता आणि कुणी फारसं लक्षही दिलं नसतं. रुग्णालय, शाळा, ट्रस्ट आणि घर चालवणारा साधा माणूस यांनाच या नियमाचा अर्थ खरा कळतो.

ही सोय जीएसटीच्या मूल्यनिर्धारणाच्या नियमांत ३३ व्या क्रमांकाच्या नियमात आहे. अशा मध्यस्थाला तिथे ‘प्युअर एजंट’ म्हटलं आहे. कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मार्केट यार्डातल्या आडत्याची पट्टी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आडत एका ओळीत आणि हमाली-तोलाई दुसऱ्या ओळीत लिहिलेली आठवेल. आडत ही आडत्याची कमाई. हमाली हमालाची, आडत्याच्या हातून फक्त गेलेली. हमालीचे पैसे आडत्याच्या उत्पन्नात धरा असं कुणी म्हणालं, तर तो हसेल.

कायद्याची सुरुवात मात्र उलट्या टोकाने होते. जीएसटी कायद्याचं कलम १५ सांगतं की पुरवठादाराने ग्राहकाकडून घेतलेले आनुषंगिक खर्चही सेवेच्या मूल्यात धरायचे, म्हणजे त्यांच्यावरही कर बसतो. हा सर्वसाधारण नियम, आणि प्युअर एजंट हा त्याला दिलेला अपवाद. म्हणून अटी पूर्ण झाल्या हे दाखवण्याचं ओझं अपवाद मागणाऱ्यावर पडतं. ‘साहेब, हे तर नुसतं रिइम्बर्समेंट आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

इथेच सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. जेवढा खर्च झाला तेवढाच घेतला, एक रुपयाही वर नाही, म्हणजे कर नाही, असं भलेभले हिशोबनीस धरून चालतात. नेमकी रक्कम ही अटींपैकी एक आहे, एकटी पुरेशी नाही. आधी विचारायचा प्रश्न असा, की हा खर्च मुळात होता कोणाचा?

मिरजेच्या बिलातले ते साडेतीन हजार पाहा. ब्रोकरचा माणूस बंदरावर गेला, गाडीभाडं दिलं, झेरॉक्स काढल्या. पावत्या आहेत, आकडा अगदी खरा आहे. तरीही ही रक्कम वरच्या, करपात्र भागात आहे, आणि ती तिथेच हवी. कारण ती गाडी रुग्णालयाने वापरली नाही, ब्रोकरने स्वतःचं काम करण्यासाठी वापरली. नियम म्हणतो की एजंटने मिळवलेली वस्तू किंवा सेवा त्याने स्वतःच्या उपयोगासाठी वापरता कामा नये, आणि ती त्याच्या स्वतःच्या सेवेहून वेगळी, तिच्या जोडीला असली पाहिजे. ऑडिटसाठी कोल्हापूरला गेलेल्या सीएच्या हॉटेलचं बिलही याच कारणाने करपात्र ठरतं. कंपनीने ते पै-पैशाने परत केलं असलं, तरी त्या खोलीत झोपला तो सीए. त्याने तो खर्च केला नसता तर ऑडिटच झालं नसतं. तो त्याच्या सेवेचाच कच्चा माल आहे.

यावर एक मोठा वाद होऊन गेला आहे. सेवाकराच्या काळात महामार्ग प्रकल्पांवर सल्लागार म्हणून काम करणाऱ्या इंटरकॉन्टिनेंटल कन्सल्टंट्स अँड टेक्नोक्रॅट्स या कंपनीकडे विमानप्रवास, हॉटेल अशा परत मिळालेल्या खर्चांवरही कर मागितला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि ७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कायद्याच्या कलमात नसलेला बोजा नुसत्या नियमाने लादता येत नाही, असा त्याचा आधार होता. आजही काही जण हा निकाल पुढे करतात. पण सरकारने मे २०१५ मध्येच सेवाकर कायद्याचं कलम बदलून परत मिळणारे खर्च मूल्यात आणले होते, आणि न्यायालयानेही तो बदल त्या तारखेपासून पुढेच लागू होतो असं म्हटलं. जीएसटीत तर आनुषंगिक खर्च कलमातच लिहिलेले आहेत. त्यामुळे जुन्या निकालाच्या छत्रीखाली आजची हॉटेल-बिलं उभी करता येत नाहीत.

आता खालच्या भागातल्या चार ओळी एकेक करून पाहू. सीमाशुल्क सर्वांत सोपं. ते आयातदाराचंच देणं असतं, चलन बिल ऑफ एंट्रीच्या क्रमांकाशी जोडलेलं असतं आणि बिल ऑफ एंट्रीवर नाव रुग्णालयाचं. ब्रोकरने पैसे भरले असले तरी ते शुल्क ब्रोकरचं कधी होऊच शकत नाही. नियमाला जोडलेलं उदाहरणही याच जातीचं आहे. एक फर्म नवी कंपनी नोंदवून देते आणि आपल्या फीशिवाय रजिस्ट्रारकडे भरलेली नोंदणी फी कंपनीकडून परत घेते. ती फी कंपनीवर सक्तीने बसलेली, फर्म फक्त भरणारी. सरकारी शुल्कांच्या बाबतीत प्युअर एजंटचं नातं इतकं उघड असतं की तिथे वाद क्वचितच होतात.

जहाज कंपनी आणि सीएफएसच्या बिलांपाशी आलो की डोळे उघडे ठेवावे लागतात. या दोन्ही बिलांवर त्यांचा स्वतःचा १८ टक्के जीएसटी आधीच लागलेला आहे: ३२,००० वर ५,७६० आणि २८,००० वर ५,०४०. बिलं रुग्णालयाच्या नावाची असतील तर गोष्ट सरळ. सेवा रुग्णालयाने घेतली, कर रुग्णालयाने सोसला, ब्रोकरने पैसे पोहोचवले. पण घाईत सीएफएसच्या खिडकीवर ब्रोकरच्या माणसाने आपल्याच फर्मचा जीएसटी क्रमांक सांगितला, तर? बिल ब्रोकरच्या नावाने निघतं, ते त्याच्या पोर्टलवर दिसू लागतं, आणि वर्षाखेरीस त्याचा हिशोबनीस त्या ५,०४० रुपयांचं क्रेडिटही घेऊन टाकतो. आता ब्रोकर एकाच सेवेबद्दल दोन विरुद्ध गोष्टी बोलतो आहे. क्रेडिट घेताना म्हणतो, ही सेवा मी माझ्या धंद्यासाठी घेतली. रुग्णालयाला बिल देताना म्हणतो, ती माझी नव्हतीच. व्याख्येत स्पष्ट आहे की प्युअर एजंट त्या वस्तू-सेवेची मालकी धरत नाही आणि धरण्याचा त्याचा इरादाही नसतो. क्रेडिट घेणारा मालकी नाकारणार कशी?

तिसऱ्या माणसाचं बिल ग्राहकाच्याच नावाचं हवं, असं नियमात शब्दशः लिहिलेलं नाही. पण खर्च कोणाचा, याचा त्याहून बोलका पुरावा दुसरा नाही. शिवाय ग्राहक जर क्रेडिट मिळण्यासारखा असेल, तर बिलावर त्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक नसेल तर त्याचंही क्रेडिट बुडतं. ब्रोकरच्या नावाचं बिल, ग्राहकाकडून करासह वसुली आणि क्रेडिट कुणालाच नाही, असा प्रकार मी अनेक फायलींत पाहिला आहे. त्यात कर कुणी चुकवलेला नसतो, तो नुसता हवेत गेलेला असतो.

ट्रकभाड्याची ओळ वरकरणी सर्वांत निरुपद्रवी दिसते, आणि दगाफटका तिथेच होतो. (ट्रकभाड्यावर वाहतूकदाराचा स्वतःचा कर कोणी आणि कसा भरायचा, हा निराळा विषय आहे. तो इथे बाजूला ठेवतो.) समजा ट्रकवाल्याने घेतले ४२,००० आणि ब्रोकरने रुग्णालयाला लावले ४८,०००. धंद्यात हे सर्रास चालतं. ट्रक शोधायला फोन केले, ड्रायव्हरमागे लागलो, सहा हजार सुटले तर काय बिघडलं? धंदा म्हणून काहीच बिघडलं नाही. पण प्युअर एजंटला प्रत्यक्ष खर्चाइतकीच रक्कम घेता येते, ही अट इथे मोडली. आणि मोडली ती फक्त सहा हजारांपुरती नाही. त्या ओळीपुरता तो प्युअर एजंट राहिलाच नाही, म्हणून पूर्ण ४८,००० त्याच्या करपात्र मूल्यात येतात. त्यावर १८ टक्के, म्हणजे ८,६४० रुपये. सहा हजारांच्या नफ्यापोटी साडेआठ हजारांचा कर, आणि तो वेळेत भरला नाही तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, वर दंडाची टांगती तलवार. ब्रोकरला ट्रक शोधण्याचे पैसे हवेच असतील तर सरळ मार्ग आहे. भाडं ४२,०००च दाखवावं आणि आपली सहा हजारांची ‘वाहतूक व्यवस्था फी’ वरच्या भागात वेगळी लावावी. कर मग सहा हजारांवरच बसेल, १,०८० रुपये.

उलट बाजूचाही एक घोळ होतो. ब्रोकरने रुग्णालयाकडून ट्रकभाड्यासाठी आधीच ४५,००० आगाऊ घेतले, खर्च झाले ४२,००० आणि उरलेले तीन हजार ‘बघू पुढच्या कामात’ म्हणून तसेच राहिले. लहान रक्कम, कुणी मागत नाही. पण ती परत झाली नाही किंवा खात्यावर जमा दाखवली नाही, तर तोही प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्तच घेतलेला पैसा ठरतो. आगाऊ रकमेचा हिशोब काम संपताना बंद करून टाकावा.

आता कागदांकडे वळू. नियमाला तीन गोष्टी दिसाव्या लागतात. रुग्णालयाने ब्रोकरला आपला प्युअर एजंट म्हणून नेमल्याचा करार हवा, तिसऱ्याला पैसे देण्याची परवानगी हवी आणि बिलात ती रक्कम वेगळी दाखवलेली हवी. करार स्टॅम्पपेपरवरच हवा असं कुठे म्हटलेलं नाही. काम सुरू होण्यापूर्वीचा एक साधा ईमेलही पुष्कळ काम करतो: सीमाशुल्क, जहाज कंपनी, सीएफएस आणि ट्रक यांचे पैसे आपण आमच्या वतीने भरावेत, बिलं आमच्या नावाने घ्यावीत, प्रत्यक्ष रक्कम आम्ही परत करू, तुमची फी वेगळी. चार ओळी. पण त्या चार ओळी नंतर मागच्या तारखेने लिहिता येत नाहीत, आणि चौकशी आली की पहिल्यांदा त्याच मागितल्या जातात.

बिलात वेगळं दाखवण्याची अट लोकांना वाटते त्याहून कडक आहे. ‘सर्व खर्चांसह एकूण ५,४२,८००’ असं लिहून सोबत पावत्यांचा गठ्ठा जोडला, तर बिलावर ती रक्कम वेगळी दाखवली असं म्हणता येत नाही. मग ती पूर्ण रक्कमच सेवेचं मूल्य धरली जाण्याची भीती. आपल्याकडे ठोक बोलण्याची सवय आहे. ‘सगळं मिळून एवढे द्या’ हे ग्राहकालाही सोयीचं वाटतं. प्युअर एजंटच्या कामात तो सोयीचा शब्द महागात पडतो.

हिशोबाच्या वहीतही एक खूण असते, जी तपासणारा अधिकारी लगेच ओळखतो. प्युअर एजंटने भरलेला पैसा त्याच्या नफातोटा पत्रकात येऊ नये. तो ग्राहकाच्या खात्यावर नावे पडतो आणि वसूल झाला की जमा होतो. ब्रोकरने मात्र ५,२२,८०० आपलं उत्पन्न म्हणून दाखवले आणि तेवढेच खर्च म्हणून वजा केले, तर नफा तोच राहील, पण प्राप्तिकराच्या विवरणात उलाढाल एक आणि जीएसटीच्या विवरणात दुसरी दिसेल. पाच लाखांचा तो फरकच नोटीस घेऊन येतो. मग बिचारा ब्रोकर सांगत बसतो की हे पैसे माझे नव्हते, आणि समोर त्याच्याच सहीचं पत्रक ते त्याचे असल्याचं सांगत असतं.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ब्रोकरने कागद उशिरा दाखल केल्यामुळे कंटेनर सीएफएसमध्ये आठवडाभर जास्त पडून राहिला आणि भाडं वाढलं, तर ती वाढीव रक्कम प्युअर एजंटमध्ये बसते का? सीएफएसचं बिल रुग्णालयाच्या नावाने असेल, रक्कम नेमकी तेवढीच वसूल केली असेल आणि बाकीच्या अटीही पाळल्या असतील, तर मूल्याच्या प्रश्नात ब्रोकरच्या चुकीने फरक पडू नये. सीएफएसचं देणं रुग्णालयाचंच आहे. त्या चुकीची भरपाई कोणी कोणाला करायची, हे दोघांमधलं भांडण आहे, ते त्यांनी करारावरून सोडवावं.

बंदर ज्यांच्यासाठी लांब आहे, त्यांना हाच नियम दुकानाच्या भाड्यात भेटतो. पुण्यातल्या एखाद्या इमारतीत वीज कंपनीचा एकच मीटर मालकाच्या नावाने असतो आणि गाळ्यांना मालकाने सबमीटर बसवलेले असतात. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, विजेवर लागत नाही. मग गाळेधारकाकडून घेतलेल्या विजेच्या पैशांवर कर लावायचा की नाही? ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने यात दोन वाटा दाखवल्या. मालक भाड्याबरोबर वीजही देत असेल तर ती भाड्याशी जोडलेली सेवा. तिचे पैसे वेगळे लावले तरी भाड्याच्या दरानेच कर. पण वीज कंपनीने लावला त्याच दराने, प्रत्यक्षाइतकेच पैसे घेतले तर मालक प्युअर एजंट मानला जातो आणि ती रक्कम मूल्यातून वगळली जाते.

आता एखाद्या गाळ्याच्या सबमीटरप्रमाणे महिन्याची वीज ६,००० रुपयांची झाली आणि मालकाने ‘मेंटेनन्स, तूट वगैरे’ धरून युनिटमागे थोडे वाढवून ६,६०० लावले, असं समजा. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर त्या सहाशे रुपयांमुळे पूर्ण ६,६०० वर कर लागतो, १,१८८ रुपये. गाळ्यात औषधाचं दुकान असेल तर दुकानदार ते क्रेडिटमध्ये घेईल आणि विसरेल. गाळ्यात एखाद्या डॉक्टरचा दवाखाना असेल, तर सहाशे जास्त घेतल्याची तक्रार आणि त्यावरच्या अकराशे अठ्ठ्याऐंशींची तक्रार, दोन्ही घेऊन तो पुढच्या महिन्यात मालकाच्या दारात उभा राहील.